ताब्याआधीचं व्याज पाच भागांत : दोन लाखांच्या आत की दोन लाखांवर?

निलेश_भांडुप
नमस्कार मंडळी. गेले चार दिवस एकाच आकड्यावर अडकलोय, म्हणून इथे विचारतो.

भांडुपला टू बीएचके घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये, मुद्रांक शुल्क दोन टक्क्यांवर आणलं होतं तेव्हा, करारनामा केला. नोव्हेंबर २०२० मध्ये बँकेने बिल्डरला पहिला चेक दिला. तेव्हापासून स्लॅब पडेल तसे पैसे जात राहिले आणि आम्ही प्री-ईएमआय, म्हणजे नुसतं व्याज, भरत राहिलो. ओसी, म्हणजे राहण्याच्या परवानगीचा दाखला, आणि ताबा दोन्ही डिसेंबर २०२४ मध्ये मिळाले. आता आम्ही तिथेच राहतो.

ताब्यापर्यंत भरलेलं सगळं व्याज मी एकत्र केलं. ते ९,४०,००० रुपये झालं. प्राप्तिकरात हे व्याज पाच वर्षांत वाटून वजा होतं, म्हणून त्याचे पाच समान भाग केले की वर्षाला १,८८,००० येतात. माझ्या समजुतीप्रमाणे राहत्या घराच्या व्याजाचे दोन लाख अधिक हे १,८८,००० अशी ३,८८,००० ची वजावट मला पाच वर्षं मिळायला हवी. ऑफिसमधले अकाउंट्सवाले म्हणतात, दोन लाखांच्या वर एक रुपया मिळणार नाही. शेजारच्या ब्लॉकमधले एक काका छातीठोकपणे सांगतात की हे पाच भाग वेगळेच असतात, त्यांनी स्वतः घेतलेत.

यंदा, २०२५ मध्ये, मुदत १५ सप्टेंबर केली आहे म्हणून अजून रिटर्न भरलेलं नाही. खरं काय आहे?

गिरगावकर
काका बरोबर सांगतात. मीही घेतलेत. २०१९ पासून पाच वर्षं पाचवा भाग वेगळा लावला, एकदाही नोटीस आली नाही. अंतिम उत्तर.

शून्यशिल्लक
@गिरगावकर, नोटीस आली नाही म्हणजे बरोबर होतं असं नाही ना होत. तुमचं घर भाड्याने होतं की तुम्ही राहत होतात?

गिरगावकर
भाड्याने. विरारचा फ्लॅट. त्याने काय फरक पडतो?

वृषाली_मुलुंड
सगळा फरक तिथेच पडतो. :)

मी मुलुंडला करसल्लागार म्हणून बावीस वर्षं काम करते आहे आणि हा प्रश्न दर जुलैमध्ये किमान दहा जण घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निलेश, आधी तुमची बेरीज दुरुस्त करू. ताब्याआधीचं व्याज हे ताब्याच्या दिवसापर्यंत मोजत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात घर पूर्ण झालं, त्याच्या आधीच्या ३१ मार्चला ते थांबतं. तुमचं घर २०२४-२५ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे तुमची बेरीज ३१ मार्च २०२४ ला थांबायला हवी. एप्रिल ते नोव्हेंबर २०२४ हे आठ महिने तुम्ही घरात पाऊल ठेवलेलं नव्हतं हे खरं, पण ते व्याज चालू वर्षाचंच धरतात. ते पाच भागांत जात नाही, त्याच वर्षी पूर्ण मोजलं जातं. बँकेकडून वर्षवार व्याजाचे दाखले घ्या आणि आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

आता मर्यादा. राहत्या घराला दोन लाखांची जी टोपी आहे ती चालू वर्षाचं व्याज आणि पाचवा भाग या दोघांच्या बेरजेवर बसते. वेगळी खिडकी नाही. तुमचे अकाउंट्सवाले बरोबर आहेत. गिरगावकरांचं घर भाड्याने होतं, तिथे व्याजाला ही टोपीच नसते, म्हणून त्यांना पाचवा भाग पूर्ण लावता आला.

गिरगावकर
बरं, हे मला माहीत नव्हतं. मग निलेशने घर भाड्याने देऊन टाकावं आणि स्वतः भाड्याने राहावं. मर्यादाच नाही म्हटल्यावर!

वृषाली_मुलुंड
@गिरगावकर, थोडं थांबा. व्याजाला मर्यादा नाही, पण भाड्यातून व्याज वजा करून जो तोटा उरतो, त्यातला दोन लाखांपर्यंतच त्या वर्षी पगारातून वजा होतो. बाकीचा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण तो फक्त घराच्या उत्पन्नातूनच वळता होतो. आणि हे जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत भाड्याच्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं, पण तोटा आला तर तो पगाराला लावता येत नाही. राहत्या घराला तर नव्या पद्धतीत शून्य, दोन लाखही नाहीत.

केतकी०७
माझाही हाच प्रश्न आहे! आम्ही ताबा मिळायच्या आधी दोन वर्षं पूर्ण ईएमआय भरला, प्री-ईएमआय नाही. त्यात मुद्दलाचे साधारण तीन लाख गेले असतील. तेही पाच भागांत ८०सी मध्ये मिळतील ना?

शून्यशिल्लक
@केतकी०७, हा धागा व्याजाचा आहे. मुद्दलाचं वेगळं असतं.

केतकी०७
पण पैसे तर दोन्ही माझेच गेले ना. एकाला पाच भाग आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं कसं?

वृषाली_मुलुंड
@केतकी०७, तुमचा वैताग समजते, पण मुद्दलाला पाच भागांची सोय नाही. ताब्याआधीच्या वर्षांत फेडलेलं मुद्दल ८०सी मध्ये मागे जाऊन मिळत नाही. घर पूर्ण झाल्याच्या वर्षापासून पुढे जे मुद्दल फेडाल ते मिळेल, तेही पीएफ, विमा वगैरे सगळं धरून दीड लाखाच्या आत. म्हणूनच काम सुरू असताना पूर्ण ईएमआय सुरू करणाऱ्यांना मी आधीच सांगते की कर्ज लवकर फिटेल, पण त्या मुद्दलावर करसवलत धरू नका. त्या ईएमआयमधला व्याजाचा भाग मात्र पाच भागांत येतो, तो सोडू नका.

केतकी०७
धन्यवाद ताई. वाईट वाटलं, पण कळलं.

निलेश_भांडुप
ताई, खूप आभार. बँकेच्या ॲपवरून वर्षवार दाखले काढले.

२०२०-२१ चे ४५,०००, २०२१-२२ चे १,४५,०००, २०२२-२३ चे २,१५,००० आणि २०२३-२४ चे २,९५,०००. २०२४-२५ मध्ये पूर्ण वर्षाचं ३,६०,०००, त्यात डिसेंबरपासून पूर्ण ईएमआय सुरू झाला.

म्हणजे मी ते आठ महिन्यांचे २,४०,००० चुकून मागच्या बेरजेत घातले होते. ते काढले की सात लाख राहतात आणि पाचवा भाग १,४०,०००.

पण मग ताई, चालू वर्षाचंच व्याज ३,६०,००० आहे. दोन लाख तिथेच भरले. या १,४०,००० चं मी करू काय? पाच वर्षं हा भाग नुसता कागदावर राहणार का?

वृषाली_मुलुंड
एकट्याच्या नावावर असतं तर हो. आणि हे कडू आहे पण सांगायला हवं, दोन लाखांवर गेलेला भाग पुढच्या वर्षी नेता येत नाही. पहिल्या वर्षाचा पाचवा भाग पहिल्याच वर्षाचा. तो वापरला गेला नाही म्हणून पाचाचे सहा भाग होत नाहीत. मुंबईतल्या आजच्या कर्जांच्या आकारात बहुतेकांचा पाचवा भाग असाच वाहून जातो.

आता दोन प्रश्न. करारनाम्यावर कोणाकोणाची नावं आहेत? आणि हप्ता कोणाच्या पैशातून जातो?

निलेश_भांडुप
करारनामा माझ्या आणि बायकोच्या नावावर, अर्धा-अर्धा. कर्जातही दोघं आहोत. हप्ता माझ्या खात्यातून कापला जातो, पण तिचाही पगार आहे आणि ती पहिल्यापासून दर महिन्याला अर्धी रक्कम माझ्या खात्यात पाठवते. दोन-तीन तारखेला, न चुकता.

वृषाली_मुलुंड
मग तुमचं काम बरंच सोपं झालं. दोन लाखांची मर्यादा घराला नाही, माणसाला आहे. दोघं मालक, दोघं कर्जदार आणि दोघांचे पैसे जाताना दिसतात, तर दोघांनाही आपापले दोन लाख.

तुमच्या आकड्यांवर बघा. चालू व्याज ३,६०,००० चे अर्धे १,८०,०००. पाचव्या भागाचे, म्हणजे १,४०,००० चे, अर्धे ७०,०००. प्रत्येकाची बेरीज २,५०,०००. टोपी दोन लाखांची, म्हणून प्रत्येकाला २,००,०००. दोघांचे मिळून चार लाख. एकट्याने घेतलं असतं तर दोनच.

पण पाचव्या भागातले प्रत्येकाचे फक्त वीसच हजार कामाला आले, पन्नास वाया गेले, हेही नजरेत ठेवा. त्याबद्दल पुढे लिहिते, आता क्लायंट आले आहेत.

दादरचे_आजोबा
आमच्या वेळी ही मर्यादा दीड लाख होती. २०१४ च्या अर्थसंकल्पात दोन लाख झाली, ती आजतागायत तीच. अकरा वर्षांत मुंबईत घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, मर्यादा जागच्या जागी. हे कुणीतरी बोललंच पाहिजे. मध्यमवर्गीय माणूस पंचवीस वर्षं हप्ते भरतो आणि त्याला वजावट मिळते ती एका वर्षाच्या व्याजाच्या निम्मीही नाही.

शून्यशिल्लक
आजोबा +१. आणि त्यात नवी पद्धत आल्यापासून ऑफिसं परस्पर नव्या पद्धतीतच टाकतात. आम्ही सांगितलं नाही तर गृहकर्जाचा कागदही कुणी मागत नाही.

वसईची_सर
माझी गोष्ट जरा वेगळी आहे, पण इथे वृषालीताई आहेत म्हणून विचारते.

मी फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्ज घेतलं, एकटीच्या नावावर. मधे कोविडची दोन वर्षं, मग बिल्डरचं बँकेशी काहीतरी, असं करत करत काम रखडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल्डरने 'फिट-आउटसाठी' म्हणून चावी दिली. आम्ही किचनचा ओटा, कपाटं करून घेतली. ओसी मात्र जून २०२४ मध्ये आली आणि आम्ही जुलैमध्ये राहायला गेलो. माझं वर्षाचं व्याज एक लाख सत्तर हजारांच्या आसपास आहे, म्हणजे पाचव्या भागातले काही हजार मला वापरता येतील असं वाटत होतं. पण काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की पाच वर्षांच्या आत घर पूर्ण झालं नाही तर दोन लाख नाहीत, तीसच हजार. ते वाचल्यापासून झोप नाही. उशीर बिल्डरने केला, शिक्षा मला?

गिरगावकर
तीस हजार हे जुन्या कर्जांना असतं, १९९९ च्या आधीच्या. तुम्हाला लागू नाही. झोपा निवांत.

वृषाली_मुलुंड
@गिरगावकर, अर्धंच बरोबर. १ एप्रिल १९९९ च्या आधीच्या कर्जाला तीस हजार, हे खरं. पण नंतरच्या कर्जालाही दोन लाख हवे असतील तर अट आहे. ज्या आर्थिक वर्षात पैसे उसने घेतले, ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हायला हवं. आधी तीन वर्षं होती, २०१६-१७ पासून पाच केली. ती चुकली तर मर्यादा तीस हजारांवर येते, आणि पाचवा भागही त्या तीस हजारांच्या आतच. उशीर कोणामुळे झाला हे कायदा विचारत नाही.

@वसईची_सर, फेब्रुवारी २०१९ म्हणजे २०१८-१९ हे वर्ष. ते संपलं ३१ मार्च २०१९ ला, त्यात पाच मिळवा, ३१ मार्च २०२४. तुमची चावी मुदतीच्या आत आणि ओसी मुदतीच्या बाहेर, अशी तारांबळ आहे. पण एक सांगा, फेब्रुवारी ही तारीख कसली? कर्ज मंजूर झाल्याची की बिल्डरला पहिला चेक गेल्याची? मंजुरीपत्र बघू नका, कर्जखात्याचं स्टेटमेंट बघा.

भूषण_डोंबिवली
चावी मिळाली म्हणजे ताबा मिळाला, साधी गोष्ट आहे. किचनचा ओटा घातला, बिलं असतील. तेवढं पुरेसं आहे.

वृषाली_मुलुंड
@भूषण_डोंबिवली, मी इतकं ठामपणे म्हणणार नाही. या कलमात ओसी हा शब्द नाही, घर 'संपादन किंवा बांधकाम पूर्ण' झालं का एवढंच विचारलं आहे. त्यामुळे चावी, ताबापत्र, आर्किटेक्टचा पूर्णतेचा दाखला यांच्या जोरावर बाजू मांडता येते. पण मुंबईत फिट-आउटची चावी देताना बिल्डर बहुधा लिहूनच घेतो की हा ताबा नाही, राहायला जाऊ नये. तो कागद तुमच्याच विरुद्ध जातो. माझ्याकडे अशी प्रकरणं येतात तेव्हा मी आधी ते पत्र वाचायला मागते. त्यात 'ताबा' शब्द आहे की 'अंतर्गत कामासाठी प्रवेश', यावर बरंच ठरतं.

भूषण_डोंबिवली
बरोबर आहे, पण माझं मत बदललेलं नाही. पैसे दिले, चावी हातात, खर्च आपण केला. घर पूर्ण नव्हतं तर ओटा कशावर घातला?

निलेश_भांडुप
माझ्याही इमारतीत ऑगस्टमध्ये फिट-आउटची चावी दिली होती आणि ओसी डिसेंबरमध्ये आली. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच आर्थिक वर्षात, म्हणून फरक पडत नाही असं धरतो. पण वाचून अंगावर काटा आला. दोन-चार महिने इकडे-तिकडे झाले असते तर पाच भागांची बेरीजच बदलली असती.

आणि ताई, एक उपप्रश्न. नोव्हेंबरपर्यंत आम्ही भाड्याने राहत होतो, घरमालकाला भाडं देत होतो. मग त्याच वर्षी घरभाडे भत्त्याची सूट आणि व्याज, दोन्ही घेता येतील?

वृषाली_मुलुंड
@निलेश, हो. जितके महिने खरोखर भाड्याने राहिलात आणि भाडं दिलंत तितक्या महिन्यांची भत्त्याची सूट, आणि व्याज पूर्ण वर्षाचं. भाडेकरार आणि भाडं दिल्याचा बँकेतला पुरावा ठेवा. हेही जुन्या पद्धतीतच.

वसईची_सर
ताई!! स्टेटमेंट काढलं. मंजुरीपत्र १८ फेब्रुवारी २०१९ चं आहे. पण बिल्डरचे कागद बँकेच्या वकिलाकडे अडकले होते, म्हणून पहिला चेक ९ एप्रिल २०१९ ला गेला. तेव्हा उशीर झाला म्हणून मी बँकेत जाऊन भांडले होते. आता काय समजू?

वृषाली_मुलुंड
माझ्या मते आता तुमच्या बाजूने भक्कम आधार आहे. मंजुरी म्हणजे देण्याचं वचन. पैसे उसने घेतले जातात ते चेक गेला तेव्हा, व्याजही त्याच दिवसापासून सुरू होतं. ९ एप्रिल २०१९ म्हणजे २०१९-२० हे आर्थिक वर्ष. मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत गेली. ओसी जून २०२४ ची, नऊ महिने हातात ठेवून. फिट-आउटच्या चावीवर भांडायची गरजच उरत नाही.

एक काळजी घ्या. यंदाच्या रिटर्नमध्ये कर्जाचा तपशील मागतात. बँकेचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ रक्कम, ३१ मार्चला शिल्लक. तिथे मंजुरीची तारीख खरी आहे तीच लिहा, १८ फेब्रुवारी. एप्रिल लिहून टाकू असा मोह होईल, तो टाळा. विचारणा झाली तर पहिल्या चेकची तारीख दाखवणारं स्टेटमेंट जोडता येईल. ते आजच पीडीएफ करून जपून ठेवा, कर्ज दुसऱ्या बँकेत नेलंत तर जुन्या बँकेकडून ते मिळवताना फार पायपीट होते.

वसईची_सर
डोळ्यात पाणी आलं खरंच. ज्या उशिरासाठी मी त्या मॅनेजरशी भांडले, त्यानेच वाचवलं. खूप खूप आभार.

शून्यशिल्लक
वृषालीताई, चेक टप्प्याटप्प्याने जातात. मग पाच वर्षं पहिल्या चेकपासून की प्रत्येक चेकची वेगळी?

वृषाली_मुलुंड
यावर आमच्यातही एकमत नाही. प्रत्येक टप्पा म्हणजे वेगळी उसनवारी, असं मांडणारे आहेत. मी सावधपणे पहिल्या चेकपासूनच धरते. त्यात बसलात तर वादाचा प्रश्नच येत नाही.

भूषण_डोंबिवली
मूळ प्रश्नाकडे येतो. निलेश, तुला एक सल्ला. काही झालं तरी कर्ज लवकर फेडू नकोस. फेडलंस की व्याज कमी होणार, व्याज कमी झालं की वजावट गेली. मी तर बोनस आला की सरळ मुदत ठेवीत टाकतो.

निलेश_भांडुप
भूषणदादा, नेमकं हेच डोक्यात चाललं होतं. गावच्या जमिनीचे काही पैसे यायचे आहेत, साधारण दहा लाख. बायको म्हणते कर्जात भरून टाकू, मला वाटलं करसवलत जाईल. ताई, तुम्ही पाचव्या भागाबद्दल पुढे लिहिते म्हणाला होता.

वृषाली_मुलुंड
तेच लिहायला बसले आहे आणि भूषण यांनी बरोबर मुद्दा काढला, फक्त उत्तर उलटं आहे.

निलेश, २०२८-२९ पर्यंत दरवर्षी तुमच्या दोघांच्या हातात ७०-७० हजारांचा पाचवा भाग आहेच. तो घर पूर्ण झाल्याच्या वर्षापासून पाच वर्षं, म्हणजे २०२४-२५ धरून २०२८-२९ पर्यंत. दोन लाख पुरे व्हायला प्रत्येकाला चालू व्याज फक्त १,३०,००० लागतं. दोघांचं मिळून २,६०,०००. आज तुमचं व्याज ३,६०,००० आहे. म्हणजे वरचं एक लाख व्याज तुम्ही बँकेला देता आणि त्यावर कराचा एक पैसाही वाचत नाही.

आता व्याजदर साडेआठच्या आसपास धरा. दहा लाख मुद्दल कमी झालं तर वर्षाचं व्याज साधारण ८५,००० ने उतरेल, म्हणजे २,७५,००० च्या जवळपास. प्रत्येकाचं १,३७,५०० अधिक ७०,०००, बेरीज २,०७,५००. तरीही दोघांचे दोन-दोन लाख पूर्ण. वजावट तीच आणि ८५,००० बँकेला गेले नाहीत. तुमच्या बायकोचं ऐका.

भूषण_डोंबिवली
हे असं कधी मांडून बघितलं नव्हतं. पण पाच वर्षं संपल्यावर?

वृषाली_मुलुंड
२०२९-३० पासून पाचवा भाग नसेल. तेव्हा दोघांचे दोन-दोन लाख पूर्ण करायला चार लाख व्याज लागेल, जे त्यांच्याकडे आजही नाही. तेव्हा व्याज असेल तेवढीच वजावट. पण हे बघा, वजावट मिळावी म्हणून व्याज भरणं म्हणजे तीस टक्क्यांच्या टप्प्यात सेससह शंभरातले एकतीस रुपये परत मिळावेत म्हणून शंभर देणं. उरलेले एकोणसत्तर गेलेच ना. तुमच्या मुदत ठेवीच्या व्याजावर करही लागतो, तोही या हिशेबात धरा.

दादरचे_आजोबा
वा! हे पटलं. माझ्या जावयाला दाखवतो.

केतकी०७
ताई, माझा नवरा कर्जात आहे पण करारनाम्यात नाही, घर माझ्या एकटीच्या नावावर. तोही दोन लाख घेऊ शकेल का?

वृषाली_मुलुंड
@केतकी०७, नाही. ही वजावट घराच्या मालकाला असते. नुसता सहकर्जदार असून ती मिळत नाही. हप्ता तो भरत असला तरी त्याला नाही.

निलेश_भांडुप
ताई, शेवटचं. बायकोच्या ऑफिसने तिला नव्या पद्धतीत टाकलंय, फॉर्म १६ तसाच आलाय, त्यात घराचा उल्लेखच नाही. आमचे चार लाख म्हणजे दोघंही जुन्या पद्धतीत असू तरच ना?

वृषाली_मुलुंड
हो, आणि दोघांचा हिशेब वेगवेगळा करायचा. तुम्हाला जुनी परवडेल आणि तिला कदाचित नवीच परवडेल, पगारावर आहे. तिला व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर ती रिटर्न भरतानाच जुनी निवडू शकते, ऑफिसने काय केलं याचं बंधन नाही. फक्त मुदतीच्या आत भरा. मुदत टळून भरलं तर जुनी पद्धत निवडताच येत नाही. आणि एखाद्या वर्षी तिने नवी घेतली तर त्या वर्षाचे ७०,००० गेले, पुढच्या वर्षी जुनीत आली तर पुढचा भाग मिळेल.

तिची नवी आणि तुमची जुनी, असं ठरलं तर मात्र तिच्या वाट्याचं व्याज तुम्ही घेऊ शकत नाही. हिस्सा अर्धा-अर्धा, तर व्याजही अर्धं-अर्धं.

शून्यशिल्लक
म्हणजे तेव्हा निलेशची बेरीज १,८०,००० अधिक ७०,०००, टोपी दोन लाख. तिच्याकडचे २,५०,००० शून्य.

वृषाली_मुलुंड
बरोबर.

निलेश_भांडुप
काल रात्री दोघांचे फॉर्म १६ समोर ठेवून दोन्ही पद्धतींनी मांडलं. माझं जुनीत कमी येतं. तिच्या ऑफिसने कापलेला कर नवीतला आहे, पण दोन लाख व्याज, पीएफ आणि तिचं घरभाडं धरलं की तिलाही जुनीत थोडं कमी येतंय, साडेतीन हजारांचा फरक. मात्र आमच्या भाडेकरारावर फक्त माझं नाव होतं आणि भाडंही माझ्याच खात्यातून गेलं, तेव्हा तिचं घरभाडं धरता येणार नाही असं आता लक्षात आलं. ते काढलं तर तिला नवीच बरी. आज संध्याकाळी पुन्हा बसतो आणि शनिवारी दोघांची रिटर्न भरतो. जमिनीचे पैसे आले की बँकेत अर्ज देणार, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची असं ठरलंय.

वसईची_सर
निलेश, तिला नवी घेतलीत तर दहा लाख भरायचा हिशेब पुन्हा मांडा. तेव्हा चार लाख नाही, तुमचे एकट्याचे दोनच लाख भरायचे आहेत, मग तर अजूनच जास्त फेडता येईल. बरोबर ना ताई?

वृषाली_मुलुंड
बऱ्याच अंशी बरोबर. तुम्ही पटकन शिकलात. तेव्हाही निलेशला १,३०,००० च लागतात, म्हणजे घराचं एकूण व्याज २,६०,००० पर्यंत उतरलं तरी चालतं, कारण त्याचा वाटा अर्धाच. आणि त्याच्याखाली उतरलं तरी बायकोच्या बाजूने काहीच जात नाही, फक्त निलेशची थोडी वजावट कमी होते.